ऑर्डर क्र. ४४१७ (जांभळी धूपछाव पैठणी): फोटोंबद्दलच्या तक्रारीला उत्तर आणि मूळ फोटो

नमस्कार स्मिताताई,

तुमचा १८ नोव्हेंबरचा मेल वाचला. साडीचे पाचही फोटो ‘एआयने बनवलेले’ वाटतात, अशी साडी अस्तित्वातच नसावी आणि म्हणून ऑर्डर रद्द करायची, असं तुम्ही लिहिलंय. २८,५०० रुपये आधी भरून तुम्ही साडी न पाहता घेताय, तेव्हा पुरावा मागणं हा तुमचा हक्कच आहे. पार्सल पॅक झालंय, पण तुमचा होकार येईपर्यंत इथेच थांबवलं आहे. खालचं पाहून नको वाटलं, तर एका ओळीचा मेल करा. कारण विचारणार नाही. पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत परत जाईल.

आधी मूळ फोटो. मेलखालच्या ड्राइव्ह लिंकमध्ये १६ फाइल्स आहेत, IMG_2311.CR3 पासून IMG_2326.CR3 पर्यंत. सगळ्या फाइल्स कॅमेऱ्यातून जशाच्या तशा काढलेल्या आहेत. वेबसाइटवर यातल्या पाचच आहेत. हललेल्या, फोकस चुकलेल्या, चकाकीमुळे जरीचे धागे पांढरे पडलेल्या बाकीच्या ११ मुद्दाम ठेवल्या आहेत, कारण ओळीने काढलेल्या फोटोंत तीच घडी, तीच चुणी थोड्या थोड्या वेगळ्या कोनातून दिसते. असा सलग संच बनवणं हे एखादं सुंदर चित्र बनवण्यापेक्षा फार अवघड आहे. कृपया लिंकवरूनच डाउनलोड करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आतली तारखेची आणि कॅमेऱ्याची नोंद पुसली जाते. घरात कोणाला संगणकाची सवय असेल, तर exiftool बसवून फाइल्सच्या फोल्डरमध्ये ही एक ओळ चालवा:

```
exiftool -DateTimeOriginal -Model -SerialNumber *.CR3
```

सगळ्या फाइल्सवर कॅमेऱ्याचा एकच क्रमांक आणि १४ सप्टेंबरची, काही मिनिटांच्या अंतराची वेळ दिसेल. मात्र ही नोंद बदलता येते, म्हणून तेवढ्यावरच विसंबू नका.

वेबसाइटवरच्या फोटोंत आम्ही कडा कापल्या, करड्या कार्डावरून रंग जुळवला आणि लाइटरूममध्ये दाणेदारपणा कमी केला. साइट पुढे ते आपोआप लहान करून वेबपीमध्ये बदलते. या सगळ्यामुळे रेशीम जरा जास्तच गुळगुळीत, मेणासारखं दिसतं. फोटो एआयचा आहे का ते तपासणाऱ्या साइटने तुम्हाला दाखवलेले ‘८७ टक्के’ अशाच दाबलेल्या फोटोवरून काढलेला अंदाज आहे. ती साइट पिक्सेलची ठेवण बघते, साडी बघत नाही.

आता तुमचे आक्षेप. दुसऱ्या आणि चौथ्या फोटोतला रंग वेगळा आहे, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. या साडीचा ताणा निळा आणि बाणा लाल आहे. समोरून उजेड पडला की ती जांभळी दिसते, घडीच्या कडेला लालसर आणि सावलीत निळसर. धूपछाव म्हणतात ती हीच, आणि अंगावर नेसल्यावर पावलागणिक तसंच होणार. एकच ठरलेली छटा हवी असेल, तर ही साडी तुमच्यासाठी नाही, हे आत्ताच सांगतो.

पाचव्या फोटोतल्या पाण्यासारख्या लाटा कापडात नाहीत. बारीक वीण आणि स्क्रीनचे ठिपके एकमेकांवर आले की त्या उमटतात. मूळ फाइल १०० टक्क्यांवर मोठी करून पाहा, लाटा जाऊन धागे दिसतील.

काठ आणि अंग यांच्यामधली रेघ दातेरी आहे, ‘यंत्राने काढताना चुकल्यासारखी’, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही काठ आणि मधलं अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत वळवावा लागतो. ते दाते म्हणजे ती अडकवण. हातमागावरच्या पैठणीत मी सगळ्यात आधी तेच बघतो.

पदरावरचे मोर एकसारखे नाहीत आणि डावीकडून तिसऱ्याची मान जाड आहे, हेही खरं. बांगडी मोरातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवरून हाताने भरतात, तेव्हा एखादा धागा जास्त धरला जातोच. यात तुमचा फायदा आहे. ही जाड मान या एकाच साडीवर आहे. शिवाय उजव्या काठावर, पदराच्या टोकापासून ११ इंचांवर, नारळीच्या एका टोकाला जरीची छोटी गाठ आहे (IMG_2319). या दोन खुणा लिहून ठेवा. घरी आलेल्या साडीवर त्या नसतील, तर ती साडी आमची नाही असं समजा.

वेबसाइटवरचा आमचा एक फोटो तुम्हाला आणखी एका दुकानाच्या पानावर सापडला, ते आम्हीही पाहिलं. त्यांच्याकडे आहे तो कापलेला फोटो. IMG_2314 मध्ये त्याच चौकटीच्या चारही बाजूंचा भाग आहे, खाली टेबलाची कड आणि मोजपट्टीसुद्धा. कापलेल्या फोटोवरून हा बाहेरचा भाग कोणाला मिळत नाही. मूळ कोणाकडे आहे, ते यावरून ठरवता येईल.

सगळ्यात पक्का पुरावा मात्र तुमच्या सांगण्यावरून काढलेला ताजा व्हिडिओ. तुम्हाला आवडेल तो एक शब्द आणि साडीवरची एक जागा कळवा. तो शब्द, ऑर्डर क्रमांक आणि त्या दिवशीची तारीख कागदावर हाताने लिहून, कागद त्या जागी ठेवून, न थांबवता न कापता चित्रण करू. त्यातच पदर उलटून मागची बाजू दाखवू. खऱ्या हातविणीत मागचे मोर पुढच्यासारखेच स्वच्छ दिसतात. लोंबते किंवा कातरलेले धागे दिसले, तर तिथेच ऑर्डर रद्द करा. व्हिडिओ कॉल हवा असेल तर रोज सकाळी ११ ते १ चालेल, दिवसाचा उजेड तेव्हा चांगला असतो. सिल्क मार्कच्या लेबलवरचा क्रमांकही कॉलवर जवळून दाखवू. तो रेशमाची खात्री देतो, हातविणीची नाही, एवढं लक्षात असू द्या.

पार्सल आल्यावर पत्ता दिसेल असं चित्रण सुरू करून फोडा आणि दोन्ही खुणा तपासा. समाधान होईपर्यंत फॉल-पिकोला टाकू नका, सुई लागलेली साडी परत घेता येत नाही. फोटोत दाखवल्यापेक्षा वेगळी निघाली, तर ७ दिवसांत कळवा. कुरिअरचा खर्च आमचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणेही जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि आमच्याकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

साखरपुडा ६ डिसेंबरला आहे असं तुम्ही लिहिलंय. येवल्याहून डोंबिवलीला कुरिअर ३ दिवस घेतं आणि फॉल-पिकोला ४ दिवस धरा. म्हणजे २६ नोव्हेंबरपर्यंत तुमचा शब्द आणि जागा कळली, तर सगळं वेळेत बसतं. त्यानंतर कळवलंत तर घाई होईल, तशी घाई तुम्ही करू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा पैसे परत घ्या.

आपला,
दीपक
येवला, २० नोव्हेंबर