माहेरवाशिणीचं स्वागत

आजच्या प्रमुख पाहुण्या याच शाळेतून चौथी पास झाल्या, आता डॉक्टर आहेत. बक्षीस वाटपाआधी त्यांच्यासाठी चार ओळी...

कृष्णा-वारणा भेटती,
तिथं गाव हरिपूर;
आज लेक आली घरी,
दाटुनिया आला ऊर.

हळदीच्या पेवापरी
मनी जपलेली माया,
आज उघडून ठेवू
ताई, तुम्हांला द्यावया.

याच पाटीवर, ताई,
गिरवली बाराखडी;
आज त्याच बोटांखाली
बोलते रुग्णाची नाडी.

शाल नाही भरजरी,
नाही मोठा थाटमाट;
परसातली शेवंती
आणि डोळ्यांतली वाट.

या हो ताई, या समोर,
मानाच्या आसनी बसा;
तुमच्या पाऊलखुणा
चिमण्यांना देती वसा.

चौथीच्या मुलींनो, सकाळी तुम्ही गुंफलेला शेवंतीचा हार घेऊन पुढे या. सावकाश, दोरा अजून ओला आहे. मुख्याध्यापिका बाईंना विनंती, त्यांनी नारळ आणि पुस्तक देऊन ताईंचं स्वागत करावं. मागच्या पालकांनाही ऐकू जाऊ द्या, जोरदार टाळ्या!