कोजागिरीच्या पोस्टरचा मजकूर, दुरुस्त करून

ताई, पोस्टरचा फोटो पाहिला. मधोमध ट्यूबलाइटची चमक आहे आणि खालचा उजवा कोपरा अंगठ्याखाली झाकला गेलाय. तिथं काही लिहिलं असेल तर तेवढं कळवा. बाकी सगळं वाचता आलं.

छापायला देण्याआधी आधी तारीख. तुम्ही 'रविवार, ६ ऑक्टोबर' लिहिलंय. ६ ऑक्टोबर २०२५ ला सोमवार आहे, कोजागिरीही त्याच दिवशी. हे तसंच गेलं तर निम्मे लोक आदल्या रात्री येऊन परत जातील.

दुसरं, 'कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की दरवर्षीप्रमाणे याही वर्षी' या ओळीनं वरची सगळी जागा घेतली आहे. फाटकातून गाडीवर जाणाऱ्याला कार्यक्रम काय आणि कधी, एवढंच दिसायला हवं. ती ओळ मी काढली. पदाधिकाऱ्यांचे फोटोही काढले. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, नावं खाली आहेतच. 'कोजागीरी', 'सहकुटूंब', 'उपस्थीत' यांची वेलांटी-उकार ऱ्हस्व केले.

खिरापतीची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसतं 'खिरापत आणावी' वाचून लोक उघडं ताट आणतील, मग मुलींनी ओळखायचं काय? झाकलेला डबा असं स्पष्ट लिहिलंय. माईक दहाला बंद करायचा असल्यानं गाणी आधी आणि दूध नंतर घेतलंय.

३ बाय ४ फुटांच्या उभ्या फ्लेक्ससाठी हा मजकूर:

भुलाबाई आणि कोजागिरी
(सगळ्यात मोठं, दोन ओळींत, अक्षरं ४ इंच)

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५
संध्याकाळी ७ पासून
(अडीच इंच)

सोसायटीचं मैदान, पाण्याच्या टाकीजवळ

७.०० भुलाबाईची गाणी
८.३० खिरापत ओळखा
९.१५ लेकरांचे नाच आणि नकला
१०.०० चंद्रप्रकाशात मसाला दूध
(सव्वा इंच, वेळा डावीकडे एका रेषेत)

खिरापत झाकलेल्या डब्यात आणा. दुधासाठी घरून पेला आणा.
सहकुटुंब या.

सगळ्यात खाली एका ओळीत सोसायटीचं आणि पदाधिकाऱ्यांची नावं.

लाल पार्श्वभूमीवरची पिवळी सावलीवाली अक्षरं नकोत, सावलीत रफार आणि अनुस्वार बुडतात. गडद निळ्यावर पांढरी घ्या, चंद्र फक्त वरच्या कोपऱ्यात. ओळींमध्ये जागा सैल ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर चढतो. दुकानातून आलेला नमुना मला पाठवा. या वेळी कागद खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात ठेवून, सरळ वरून फोटो काढा.