सोसायटीच्या सभागृहाचे बुकिंग : नियम, भाडे, अनामत आणि साफसफाई

आपल्या 64 प्लॉटच्या सोसायटीचे सभागृह घरगुती कार्यक्रमांसाठी आहे. खालील नियम आमसभेत मंजूर झाले असून 1 नोव्हेंबरपासून लागू आहेत. याआधी तोंडी ठरलेले काहीही यापुढे धरले जाणार नाही.

1. बुकिंग कार्यालयातील रजिस्टरमध्येच होते. फोनवर "तारीख पकडून ठेवा" म्हटल्याने तारीख अडवली जात नाही. भाड्याची निम्मी रक्कम भरून पावती घेतली की तारीख पक्की. उरलेली रक्कम आणि अनामत कार्यक्रमाच्या 7 दिवस आधी भरावी. तुळशीच्या लग्नानंतरच्या आणि उन्हाळ्यातल्या तिथींना एकाच दिवशी दोघांची मागणी आली, तर सभासदाला आधी, आणि दोघेही सभासद असतील तर ज्याची पावती आधीची त्याला.

2. भाडे असे :
लग्न, पूर्ण दिवस (सकाळी 7 ते रात्री 11) : सभासद 4,000 रुपये, बाहेरचे 8,000 रुपये.
साक्षगंध, बारसे, डोहाळजेवण, वाढदिवस (6 तास) : सभासद 1,500 रुपये, बाहेरचे 3,000 रुपये.
तेरवी : सभासद 500 रुपये, गावातील इतर कोणीही 1,000 रुपये. तेरवीसाठी आगाऊ रक्कम आणि अनामत मागितली जात नाही.
हळदीसाठी आदल्या दिवशी संध्याकाळी 5 पासून सभागृह हवे असल्यास 1,000 रुपये जास्त.

सभासद दर म्हणजे सभासद, त्यांचे पती किंवा पत्नी, मुले-सुना, नातवंडे आणि आई-वडील यांच्या कार्यासाठी. साळ्याच्या पोरीचे लग्न सभासदाच्या नावावर लावण्याचे प्रकार मागच्या हंगामात तीनदा झाले. पत्रिका पाहूनच दर ठरेल, आणि खोटी माहिती निघाल्यास फरक अनामतीतून कापला जाईल.

3. वीज वेगळी. सुरुवातीचे आणि शेवटचे मीटर रीडिंग दोघांच्या सहीने लिहायचे, युनिटला 14 रुपये. मे महिन्यात सहा कूलर दिवसभर चालतात, तेव्हा हा आकडा मोठा होतो. नंतर वाद नको म्हणून आधीच सांगतो. लाईट गेल्यास जनरेटर आहे, डिझेल ज्याचे त्याने आणायचे. बोअरचे पाणी भांडी व हातपाय धुण्यापुरते मिळेल. एप्रिल ते जून पाणी कमी असते, स्वयंपाकाचा व पिण्याचा टँकर बुकिंग करणाऱ्याने सांगावा.

4. अनामत लग्नाला 5,000 रुपये, इतर कार्यक्रमांना 2,000 रुपये. चौकीदारासोबत पाहणी झाल्यावर 3 दिवसांत परत. खुर्ची तुटली तर 450, सतरंजी जळाली किंवा फाटली तर 600, गंज हरवला तर बाजारभाव. भिंतीला खिळा ठोकल्यास दर खिळ्याला 100 रुपये. डेकोरेशनवाल्याने ठोकला, आम्हाला माहीतच नव्हते, हे कारण चालणार नाही.

5. रद्द केल्यास : 30 दिवस आधी कळवले तर भरलेल्या भाड्यातून 10 टक्के कापून बाकी परत, 15 ते 29 दिवस आधी निम्मे, त्यानंतर काही नाही. अनामत मात्र केव्हाही पूर्ण परत. घरात मयत झाली, तर पूर्ण रक्कम परत मिळेल. अर्जाशिवाय दुसरा कागद मागणार नाही. अवकाळी पावसामुळे किंवा गारपिटीमुळे कार्यक्रम पुढे ढकलला तर एकदा तारीख फुकट बदलून मिळेल. निवडणुकीसाठी प्रशासनाने सभागृह घेतल्यास पूर्ण पैसे परत, पण दुसरी जागा शोधून देण्याची जबाबदारी सोसायटीची नाही.

6. लग्नाच्या बुकिंगला वधू-वराच्या वयाचा पुरावा लागतोच. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण नसेल तर तारीख मिळणार नाही, ओळख कितीही असो. बालविवाह प्रतिबंधक कायदा, 2006 प्रमाणे असे लग्न लावणाऱ्यांना आणि त्याला हातभार लावणाऱ्यांना 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

7. रात्री 10 नंतर स्पीकर पूर्ण बंद. धुमाल आणि डीजे फाटकाच्या बाहेरच थांबतील. समोरच्या रांगेत म्हातारी माणसे आणि दहावी-बारावीची पोरे राहतात. दारू आणि जुगार सापडल्यास कार्यक्रम तिथेच थांबवू, अनामत जप्त.

8. साफसफाई. सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच, म्हणून सविस्तर. भट्टी मागच्या टिनाच्या शेडमध्येच लावायची, सभागृहाच्या फरशीवर किंवा व्हरांड्यात नाही. पऱ्हाटी आणि लाकडे आचाऱ्याने शेडच्या कोपऱ्यात रचावी. राख पूर्ण थंड झाल्यावरच उचलावी, मागे कुंपणाची वाळली झाडे एकदा पेटली आहेत. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. पानांच्या पत्रावळी किंवा सोसायटीची 300 स्टीलची ताटे वापरा, ताटांना भाडे नाही. उष्टे अन्न नालीत टाकू नका. त्याचे वेगळे ड्रम आहेत, गोठेवाले सकाळी नेतात. उरलेली भाजी-पोळी चांगली असेल तर चौकीदाराला सांगा, घेणारे हात गावात आहेत.

कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी 9 पर्यंत सभागृह झाडून, संडास-बाथरूम धुऊन, सतरंज्या झटकून आणि खुर्च्या दहा-दहाच्या थप्पीत लावून किल्ली द्यावी. स्वतः जमत नसेल तर 800 रुपये भरा, सोसायटी बाया लावून करून घेईल. दोन्ही केले नाही तर 1,500 रुपये कापले जातील. हळदीचे डाग त्याच रात्री पुसले तर निघतात, सकाळी निघत नाहीत.

बुकिंगची वेळ : सोमवार ते शनिवार, संध्याकाळी 6 ते 8, सोसायटी कार्यालय. पावतीच्या मागे हे नियम छापले आहेत. सही करण्याआधी वाचून घ्यावेत.

सचिव,
व्यवस्थापक समितीच्या वतीने