रजेवर आहे, २ मार्च २०२६ रोजी रुजू होईन (बिलांसाठी संपर्क: अमोल शिंदे, एक्स्टेन्शन २१४)

नमस्कार,

१ सप्टेंबर २०२५ पासून मी प्रसूती रजेवर आहे. २६ आठवड्यांची रजा संपली की सोमवार, २ मार्च २०२६ रोजी, म्हणजे मार्चअखेरची धावपळ सुरू व्हायच्या आत, कामावर हजर होईन. तोपर्यंत हा मेलबॉक्स मी उघडणार नाही.

माझं सगळं काम आमचे सहकारी श्री. अमोल शिंदे यांच्याकडे दिलं आहे. तुमचा हा ईमेल आपोआप त्यांच्याकडे जात नाही, म्हणून कृपया तो पुन्हा पाठवा. परचेस ऑर्डरच्या तळाशी बिलांसाठी जो ईमेल छापलेला आहे, तो आता तेच पाहतात. फोन करायचा तर कारखान्याच्या नेहमीच्या नंबरवर एक्स्टेन्शन २१४, सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५. रखडलेल्या बिलांची फाईल आम्ही दोघांनी बसून एकेक करून पाहिली आहे. पीओ नंबर आणि बिल नंबर सांगितलात की पुरे, पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागणार नाही.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना एक आवर्जून सांगते. करारात ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. माझ्या रजेपायी त्याला एक दिवसाचाही उशीर व्हायला नको. मुदत जवळ आली आणि काहीच कळलं नाही, तर संकोच न करता लेखा व्यवस्थापक श्री. पाटील यांना एक्स्टेन्शन २०१ वर फोन करा. तुमच्याकडे शनिवारी कामगारांचा पगार असतो, हे मला ठाऊक आहे.

जीएसटीआर-१ दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरा (तिमाही भरणाऱ्यांनी आयएफएफ १३ तारखेपर्यंत), म्हणजे १४ तारखेला आमच्या २बीमध्ये तुमचं बिल दिसेल. बरीच बिलं इथेच अडकतात. जुलै ते सप्टेंबरचा फॉर्म १६ए १५ नोव्हेंबरपर्यंत आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा १५ फेब्रुवारीपर्यंत अमोल पाठवतील.

रजेच्या काळात माझ्या नावाने पैशांबद्दल कुठलाही ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला, तर तो माझा नाही असं समजा आणि लगेच २०१ वर कळवा. तुमचं बँक खातं बदललं असेल तर लेटरहेडवर सहीशिक्क्याचं पत्र आणि रद्द केलेला चेक अमोलच्या हातात द्या. आमच्याकडे आधीपासून असलेल्या तुमच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय ते नवीन खात्यावर पैसे सोडणार नाहीत.

आपली,
स्नेहल देशमुख
लेखा विभाग (पुरवठादार देयके), चाकण