ऑनलाइन विक्रेत्यांसाठी पेमेंट गेटवे योजना: व्यवहार शुल्क, सेटलमेंट आणि मासिक उलाढालीच्या मर्यादा

या योजना १ एप्रिलपासून लागू आहेत. योजना निवडताना बहुतेक विक्रेते क्रेडिट कार्डाचा दर बघतात आणि तिथेच थांबतात. तुमच्या खिशातून दरमहा नेमके किती जाणार, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ग्राहक पैसे कोणत्या मार्गाने देतात, सरासरी ऑर्डर किती रुपयांची असते आणि पुढचा माल भरायला पैसे किती लवकर लागतात, या तीन गोष्टी आधी समोर ठेवा आणि मग खालचा तक्ता वाचा. त्यात सेटलमेंट म्हणजे पैसे तुमच्या बँक खात्यात जमा होणे, आणि टी+१ म्हणजे पेमेंटनंतरचा पहिला कामकाजाचा दिवस.

| | आरंभ | वाटचाल | विस्तार |
|---|---|---|---|
| शुल्कपात्र मासिक उलाढाल | ₹१ लाखापर्यंत | ₹१ लाख ते ₹५ लाख | ₹५ लाख ते ₹४० लाख |
| मासिक भाडे | नाही | ₹३५० | ₹१,३५० |
| यूपीआय, रुपे डेबिट कार्ड | शून्य | शून्य | शून्य |
| क्रेडिट कार्ड, वॉलेट | २.३०% | १.९५% | १.७५% |
| नेट बँकिंग, प्रति व्यवहार | ₹१८ | ₹१५ | ₹१२ |
| परदेशी कार्ड | ३.५०% | ३.२५% | ३.००% |
| यूपीआय सेटलमेंट | टी+१ | टी+१ | टी+१ |
| कार्ड, वॉलेट, नेट बँकिंग सेटलमेंट | टी+३ | टी+२ | टी+१ |

शुल्कपात्र उलाढाल ₹४० लाखांच्या वर गेली की दर ठरवून लेखी करार केला जातो. सर्व दरांवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. एका व्यवहारात ₹२,००० पर्यंतच्या कार्ड पेमेंटच्या सेटलमेंटला कायद्याने सूट आहे. ती बिलात वेगळ्या ओळीत दिसेल. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराचे क्रेडिट घेता येते. त्यासाठी नोंदणी क्रमांक खात्यात पहिल्या दिवशीच भरून ठेवा. मागच्या महिन्यांची बिले नंतर बदलून मिळत नाहीत.

उलाढाल कशी मोजतो

शुल्कपात्र उलाढाल म्हणजे फक्त क्रेडिट कार्ड आणि वॉलेटवरून आलेली यशस्वी विक्री. यूपीआय आणि रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे पेमेंट स्वीकारण्याचे शुल्क, घेता येत नाही, त्यामुळे ती विक्री मर्यादेत धरण्यात काही अर्थ नाही. ती धरली असती तर महिन्याला ₹६ लाखांची विक्री करणारा, पण नव्वद टक्के यूपीआयवर चालणारा विक्रेता विनाकारण ₹१,३५० भाडे भरत बसला असता. इतर डेबिट कार्डे आणि नेट बँकिंगही मोजत नाही, कारण तिथे योजना बदलल्याने फारसा फरक पडत नाही.

मर्यादा ₹१ लाख आणि ₹५ लाख याच का, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आरंभ आणि वाटचाल यांच्या क्रेडिट कार्ड दरात ०.३५ टक्क्यांचा फरक आहे. ₹१ लाखावर तो बरोबर ₹३५० होतो, म्हणजे मासिक भाडे तिथे वसूल होते. वाटचालमधून विस्तारमध्ये जाताना भाडे ₹१,००० ने वाढते आणि दर ०.२० टक्क्यांनी उतरतो. ₹५ लाखांवर हा हिशेबही जुळतो. या रेषांच्या आत असताना वरची योजना घेतली तर दरात जे वाचते त्याहून जास्त भाड्यात जाते.

एखाद्या महिन्यात सणामुळे किंवा सेलमुळे विक्री दुप्पट झाली म्हणून तुमची योजना बदलत नाही. मागच्या तीन कॅलेंडर महिन्यांची सरासरी धरतो. सरासरी वरच्या टप्प्यात गेली की आम्ही ईमेलने कळवतो, आणि तुम्ही होकार दिलात तरच पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून नवी योजना सुरू होते. आरंभमध्येच राहायचे असेल तर राहता येते, सक्ती नाही. उलट दिशेने मात्र एक अट आहे. विस्तारमधील सरासरी ₹५ लाखांच्या खाली आली तर पुढच्या तिमाहीपासून खाते वाटचालमध्ये येते, कारण १.७५ टक्क्यांचा दर आम्हाला त्या आकारमानावरच परवडतो.

डेबिट कार्ड

रुपे सोडून इतर डेबिट कार्डांचा दर तक्त्यात नाही, कारण तो आमच्या योजनेवर ठरत नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून त्याला कमाल मर्यादा घातली आहे. मागच्या आर्थिक वर्षातली तुमची उलाढाल ₹२० लाखांपर्यंत असेल तर ऑनलाइन व्यवहारावर ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त ₹२००. उलाढाल त्याहून जास्त असेल तर ०.९० टक्के आणि कमाल ₹१,०००. आम्ही याच मर्यादेने आकारतो. इथे उलाढाल म्हणजे तुमचा सगळा व्यवसाय, फक्त गेटवेवरची विक्री नव्हे. म्हणून खाते उघडताना दिलेली माहिती खरी ठेवा आणि दरवर्षी एप्रिलमध्ये ती ताजी करा. उलाढाल ₹२० लाखांच्या आत असूनही ही माहिती भरायची राहिली म्हणून दुपटीहून जास्त दर भरणारे विक्रेते आम्ही पाहतो, आणि ते पाहून वाईट वाटते.

ग्राहकाने यूपीआय ॲपवरून रुपे क्रेडिट कार्ड वापरले, तर तो क्रेडिट कार्ड व्यवहार धरला जातो. फक्त छोट्या व्यापारी वर्गात नोंद असलेल्यांना ₹२,००० पर्यंत त्यावर शुल्क लागत नाही.

नेट बँकिंगचे ठराविक शुल्क

₹१५ हा आकडा लहान वाटतो. ₹१२,००० च्या ऑर्डरवर तो ०.१२५ टक्के होतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. ₹३०० च्या ऑर्डरवर तोच ५ टक्के होतो, आणि नफ्याचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. वाटचाल योजनेत ₹७६९ च्या आसपास नेट बँकिंग आणि क्रेडिट कार्ड यांचा खर्च सारखा येतो. त्याखालच्या ऑर्डरना नेट बँकिंग महाग, त्यावरच्या ऑर्डरना स्वस्त. तुमच्या ऑर्डर लहान असतील तर डॅशबोर्डमधील ‘पेमेंट पर्याय’ या विभागात नेट बँकिंगसाठी किमान रक्कम घाला. त्याखालच्या ऑर्डरला तो पर्याय ग्राहकाला दिसणारच नाही. मोठ्या किमतीच्या वस्तू विकणाऱ्यांनी उलट तो पर्याय यादीत वर आणावा.

एक पूर्ण हिशेब

समजा महिन्याची एकूण विक्री ₹२,४०,००० आहे. त्यात यूपीआय ₹१,१०,०००, क्रेडिट कार्ड ₹९०,०००, रुपे सोडून इतर डेबिट कार्ड ₹३०,००० आणि नेट बँकिंगच्या पाच ऑर्डर मिळून ₹१०,०००. मागच्या वर्षीची उलाढाल ₹२० लाखांच्या वर.

आरंभमध्ये क्रेडिट कार्डाचे ₹२,०७०, डेबिटचे ₹२७०, नेट बँकिंगचे ₹९०, एकूण ₹२,४३०. वाटचालमध्ये अनुक्रमे ₹१,७५५, ₹२७० आणि ₹७५, त्यात भाडे ₹३५०, एकूण ₹२,४५०. दोन्ही आकडे जीएसटीशिवाय आहेत. म्हणजे वाटचाल ₹२० ने महाग, पण कार्डाचे पैसे एक दिवस आधी हातात. पुरवठादाराला रोख देऊन माल उचलत असाल, तर आमच्या मते ते ₹२० सत्कारणी लागतात. उधारीवर माल मिळत असेल तर आरंभच ठीक. पुढे क्रेडिट कार्डाची विक्री ₹१,४०,००० झाली की आरंभचे बिल ₹३,५८० आणि वाटचालचे ₹३,४२५ होईल. तेव्हा योजना बदलण्यात शंका उरत नाही.

या उदाहरणात एकूण विक्रीवर पडणारा खरा भार जेमतेम १ टक्का आहे, २.३० टक्के नव्हे. वस्तूची किंमत ठरवताना हा खरा आकडा वापरा. तो डॅशबोर्डवर ‘सरासरी खर्च’ या नावाने रोज दिसतो.

सेटलमेंट

टी म्हणजे पेमेंट यशस्वी झाल्याचा दिवस. रात्री १२ पर्यंतचे व्यवहार त्याच दिवसात येतात. पुढचे दिवस कामकाजाचे मोजतो. शनिवार, रविवार आणि बँकांच्या सुट्ट्या त्यात धरत नाही. शुक्रवारी कार्डाने आलेले पैसे विस्तारमध्ये सोमवारी, वाटचालमध्ये मंगळवारी आणि आरंभमध्ये बुधवारी खात्यात येतात. सोमवारी बँकेला सुट्टी असली तर तिन्ही तारखा एक दिवस पुढे जातात. विस्तार योजनेत नव्याने येणाऱ्या खात्याला पहिले ३० दिवस टी+२ लागू राहते.

मधल्या काळात तुमचे पैसे अनुसूचित बँकेतील एस्क्रो खात्यात असतात. ते आमच्या कामकाजासाठी वापरता येत नाहीत. शुल्क, परतावे आणि जीएसटी वजा करून उरलेली रक्कम एकाच जमेत येते, आणि कोणत्या ऑर्डरचे किती याची फाइल त्याच दिवशी सकाळी ११ वाजता उतरवून घेता येते. हिशेब रोज जुळवा. महिनाअखेरीस एकदम जुळवायला बसले की परताव्यांचा गुंता सुटत नाही.

तातडीने पैसे हवे असतील तर तत्काळ सेटलमेंट सुट्टीच्या दिवशीही मिळते: काढलेल्या रकमेवर ०.२५ टक्के आणि एका वेळी ₹५ लाखांपर्यंत, कारण आयएमपीएसची मर्यादा तेवढी आहे. अडीअडचणीला हे चांगले. रोजची सवय लागली तर वाटचालमधला १.९५ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात २.२० टक्क्यांवर जातो आणि योजना बदलून वाचवलेले बहुतेक पैसे परत जातात. यूपीआयचे पैसे तर दुसऱ्या दिवशी फुकटच येतात; त्यांच्यावर ०.२५ टक्के घालवू नका.

परतावे, फसलेले व्यवहार आणि चार्जबॅक

फसलेल्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण तुमच्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ऑनलाइन कार्ड आणि यूपीआय व्यवहारात टी+५ दिवसांत रक्कम आपोआप परत गेली पाहिजे. उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला ₹१०० भरपाई मिळते. ग्राहक चिडून विचारेल तेव्हा त्याला हे सांगा, आणि ऑर्डर परस्पर पाठवू नका.

परतावा पाठवायला वेगळे शुल्क नाही, पण मूळ व्यवहाराचे शुल्क परत मिळत नाही. कपड्यांसारख्या मालात परताव्याचे प्रमाण जास्त असते, तिथे हा खर्च किमतीत धरावाच लागतो. चार्जबॅक आल्यास, म्हणजे ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितल्यास, वादातली रक्कम रोखली जाते आणि पुरावे द्यायला ७ दिवस मिळतात. निकाल तुमच्या विरोधात गेला तर ₹३०० शुल्क. तुमच्या बाजूने लागला तर काही नाही. पाठवणीची पावती, ग्राहकाशी झालेला संवाद आणि पोच यांच्या प्रती सहा महिने जपून ठेवा.

योजना बदलण्याची विनंती महिन्याच्या २५ तारखेपर्यंत डॅशबोर्डवरील ‘माझी योजना’ येथून करावी. दरात बदल करायचा झाल्यास ३० दिवस आधी ईमेलने कळवू, आणि तो मान्य नसेल तर खाते बंद करायला कोणतेही शुल्क लागणार नाही.