बारदानवाला गप्प का?

कोलकात्याचा बारदानवाला पैशासाठी वर्षभर गप्प बसतो, हे दिवाणजींना पटेना.

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी. हिशेब आता संगणकावर एक पोरगा लिहायचा; दिवाणजींकडे येण्या-देण्याच्या याद्या तेवढ्या उरल्या होत्या. मे 2025च्या यादीत बारदानवाल्याचे 2,60,400 देणे, मार्च 2024पासूनचे. आठ दिवस उशीर झाला तरी दिवसातून दोनदा फोन करणारा माणूस!

त्यांनी बँकेचा उतारा मागवला. पैसे तर तेव्हाच गेले होते. मग पार्टीच्या नावे का नाहीत? बारदान खात्यावर बोट फिरवत आले आणि थांबले. 4,000 पोत्यांचे बिल, 2,48,000 खर्ची नावे. 12,400 जीएसटी वेगळा. पाच दिवसांनी बँकेतून गेलेले 2,60,400 मात्र पार्टीला नावे न टाकता पुन्हा बारदान खर्चालाच. आकडे वेगळे, म्हणून कुणाच्या डोळ्यांत खुपले नाहीत. तेरीजही जुळली, कारण दोन्ही वेळा जमा-नावे बरोबरीचंच होतं. सीएने विचारलं तेव्हा पोरगं ‘देणं आहे’ म्हणून मोकळं झालं होतं.

खर्च 2,60,400ने फुगलेला. सरकारला दाखवलेला नफा 11,35,000, खरा 13,95,400.

शेठ ऐकून म्हणाले, “सुधारित विवरणपत्र भरून टाकू.”

“त्याची मुदत डिसेंबरातच गेली. आता अद्ययावत भरावं लागेल. कर 81 हजारांच्या वर, त्यावर व्याज आणि वर पंचवीस टक्के जादा.”

“भरू. नोटीस येण्यापेक्षा बरं. झालं?”

“दादांचं राहिलं.”

शेठ गप्प झाले. थोरला भाऊ 31 मार्च 2024ला भागीदारीतून निघाला होता, त्याच ताळेबंदावर. निम्मा नफा घेऊन, सही करून, वर्षभर न बोलता.

“त्याने सही केलीय, दिवाणजी. हिशेब मिटला.”

“सही त्या आकड्यावर केली, शेठ. आकडाच चुकलाय.”

“तुम्ही कुणाचे? पेढीचे की दादाचे?”

“तुमच्या वडिलांनी कीर्द माझ्या हाती दिली तेव्हा दोघे शाळेत होता. मला कुणी विचारलं नव्हतं.”

शेठ उठले, पंख्याचा वेग वाढवून परत बसले. दिवाणजींनी कागदावर आकडा मांडला: वाढलेला नफा, वजा कर, त्याचा निम्मा. व्याज आणि जादा कर मात्र दादांच्या वाट्यातून कापला नाही. ती चूक पेढीची. शेठनी तो हिशेब दोनदा वाचला.

“पाठवा. पण बँकेचा उतारा, बिल, खतावणीची पानं, सगळं जोडून. नुसता चेक पाठवलात तर तो म्हणेल, अजून किती दाबलंय.”

“आणि बारदानवाल्याचं देणं आज उलटवून टाकतो,” म्हणत दिवाणजींनी पोराला हाक मारली.