ओंकार, "ओत्सुकारेसामा देस"बद्दल एकदाच सविस्तर लिहितोय

अरे ओंकार, लंचला वेळ कमी होता म्हणून इथे नीट लिहितो. तू विचारलंस की मी एवढा थकलेला दिसतो का, की या जपानी ऑफिसात जो येतो तो मला "ओत्सुकारेसामा देस", म्हणजे "दमलात" म्हणतो. आणि लिफ्टमध्ये अकाउंट्सच्या त्या बाईंना तू "त्सुकारेते इमासेन", म्हणजे मी दमलो नाहीये, असं चक्क उत्तर दिलंस. त्या हसल्या त्या रागावून नाही रे, उलट आता दोन दिवस त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये तुझं कौतुक चालेल.

तर डिक्शनरी चूक नाहीये, "त्सुकारे" म्हणजे दमणूकच. पुढचा "ओ" आदराचा आणि मागचा "सामा" म्हणजे नावामागे लावतात त्या "सान"च्याही वरचा मान. पण त्या बाईंना तुझ्या तब्येतीची चौकशी करायची नव्हती. गावाकडे पारावरून कोणी "काय, कुठं निघालात?" म्हणतं तेव्हा आपण काय पत्ता सांगत बसतो का, "हा, इथंच" म्हणतो आणि चालू लागतो, तसंच आहे हे. समोरचा सांगतोय की तूही कामात आहेस, मीही कामात आहे, आणि मी तुला पाहिलंय. उत्तर एकच, तेच परत म्हणायचं, मान जराशी झुकवायची, संपलं.

उच्चाराचं आधी सांगतो कारण त्यात आपल्याला फुकटचा फायदा आहे. इंग्रजीतून शिकणारे लोक "त्सु"वर धडपडतात, आपल्याकडे तो आवाज आधीपासून आहे, चमच्यातला च. त्यात "उ" जवळजवळ ऐकू येत नाही, आणि शेवटी "देसु" नाही, "देस". आपल्या टीममधली पोरं तर घाईत "ओत्सुकारेस्स" एवढंच म्हणतात, ते तू लगेच उचलू नकोस, बुचो, म्हणजे डिपार्टमेंटच्या साहेबांसमोर तोंडातून गेलं तर बरं दिसत नाही. नुसतं "ओत्सुकारे" हे बरोबरीच्याला किंवा ज्युनियरला. चॅटवर कोणी नुसतं "ओत्सु" टाकलं तर तेही हेच, पण ते मित्रामित्रांतलं.

आता कधी म्हणायचं. सकाळी पहिली भेट झाली की "ओहायो गोझाइमासु". त्यानंतर कॉरिडॉर, पँट्री, कॉपी मशीन, जिथे नजरानजर होईल तिथे "ओत्सुकारेसामा देस". तू दुपारी सगळ्यांना "कोन्निचिवा" करत होतास ना, ते ऐकायला विचित्र वाटतं, आपल्याच ऑफिसातल्या माणसाला कोणी ते म्हणत नाही, ते बाहेरच्याला. ऑफिसातल्या ऑफिसात फोन केलास तरी सुरुवात हीच, "ओत्सुकारेसामा देस, काइहात्सु-बु नो कुलकर्णी देस", म्हणजे डेव्हलपमेंटमधला कुलकर्णी बोलतोय, आणि हो, आडनावच सांग, ओंकार म्हटलंस तर त्यांना कोण ते कळायला वेळ लागतो. अंतर्गत मेलची पहिली ओळ पण हीच. टीम्सवर एका ओळीचा प्रश्न विचारायचा असला तरी लोक आधी हे टाइप करतात, मला ते अजूनही जरा जास्तच वाटतं पण मीही करतो.

काम चालू असेल तर "देस", काम संपलं असेल तर "देशिता". मीटिंग संपली, रिलीज झाला, दिवस संपला की "ओत्सुकारेसामा देशिता". संध्याकाळचं नीट लक्षात ठेव, कारण यात दोन बाजू आहेत. जो निघतो तो म्हणतो "ओसाकी नी शित्सुरेइ शिमासु", म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफ करा. आणि जे बसलेले असतात ते स्क्रीनवरून मान न काढता "ओत्सुकारेसामा देशिताआआ" असं लांबवतात. तू काल बॅग उचलून हळूच सटकलास ना, त्रास नको म्हणून, पण इथे ते पळून गेल्यासारखं दिसतं रे. साडेसहाला निघ, काही हरकत नाही, पण म्हणून निघ. आणि तू मागे बसलेला असशील आणि दुसरं कोणी निघालं तर तुझ्याही तोंडून ते यायला हवं, गप्प राहिलास तर त्याच्या जाण्यावर तू नाराज आहेस की काय असं वाटू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे आतल्या माणसांचं बोलणं आहे. इथे "उचि" आणि "सोतो", आतलं आणि बाहेरचं, ही रेघ फार पक्की असते. क्लायंटला कधीही मेलमध्ये "ओत्सुकारेसामा देस" लिहू नकोस, त्यांना "इत्सुमो ओसेवा नी नात्ते ओरिमासु", म्हणजे नेहमी आपली कृपा असते, असं. क्लायंट कंपनीचा जुना असेल तर तू पहिल्यांदाच लिहितोयस तरी "नेहमी" लिहायचं, त्यावर डोकं लावू नकोस. साइटवर बरेच महिने एकत्र काम केल्यावर क्लायंटच स्वतः तुला "ओत्सुकारेसामा" म्हणायला लागेल, तेव्हा परत म्हण, आणि समज की गाडी रुळावर आहे.

दुसरा एक शब्द कानावर पडेल, "गोकुरोसामा". अर्थ जवळपास तोच, पण आता तो वरून खाली म्हणायचा धरतात, म्हणजे बुचो तुला म्हणेल, तू बुचोला नाही. ओत्सुकारेसामा मात्र वर खाली आडवं तिरकं कुठेही चालतं, ऑफिसात सफाई करणाऱ्या काकूंनाही तेच म्हण. तसा यावरही वाद आहेच, 2015 मध्ये टीव्हीवरचे टामोरी म्हणाले होते की मुळात हेसुद्धा मोठ्याने लहानाला म्हणायचं, बालकलाकार सगळ्यांना म्हणत सुटतात ते बंद करायला हवं. त्यावर नेटवर बरीच चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळे ऑफिसात तेच म्हणत होते. फक्त बुचोने तुला तासभर बसून काही शिकवलं तर तिथे "ओत्सुकारेसामा"वर भागवू नकोस, "आरिगातो गोझाइमाशिता", म्हणजे सरळ आभारच मान.

आणि एक खासगी मत. या शब्दाने दिवस गोड होतो हे खरं, पण त्याला कामाचं कौतुक समजू नकोस. मागच्या एका कंपनीत माझा साहेब रात्री नऊला प्रेमाने "ओत्सुकारेसामा" म्हणायचा आणि सोबत पुढची फाइल ठेवायचा. खरंच दमला असशील तर तो निरोप या शब्दातून कोणाला पोचणार नाही, कारण सगळेच दिवसभर हाच शब्द म्हणतायत. काचो, म्हणजे बुचोच्या खालच्या सेक्शनच्या साहेबाला, वेगळा वेळ मागून सरळ सांग. 2019 पासून ओव्हरटाइमला साधारणपणे महिन्याला 45 तासांची कायद्याने मर्यादा आहे, तेव्हा तुझे तास सिस्टिममध्ये खरे भर, उगाच सगळे बसलेत म्हणून बसू नकोस.

शुक्रवारी नोमिकाइ, म्हणजे ऑफिसची प्यायची पार्टी आहे, तिथे ग्लास उचलताना पण हेच, "ओत्सुकारेसामा देस, कानपाइ!" तोवर कोणी घोट घेत नाही, तूही घेऊ नकोस, ज्यूस असला तरी. आणि क्लायंटच्या त्या मेलचा ड्राफ्ट सोमवारी दहाच्या आत मला पाठव, पहिली ओळ बघून देतो.

निनाद